टॉलरन्स कडक केला, तरी उत्तर हलेना

हॅलेचा धूमकेतू ९ फेब्रुवारी १९८६ रोजी सूर्याच्या सर्वांत जवळ होता. त्यानंतर साधारण दहा दिवसांनी तो आपल्या कक्षेत नेमका कुठे पोहोचला, हे काढायचे असेल तर एक छोटेसे समीकरण सोडवावे लागते. ते योहानेस केप्लरचे आहे आणि १६०९ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ‘अस्ट्रोनोमिया नोव्हा’ या ग्रंथापासून खगोलगणिताच्या पायाशी आहे. समीकरण असे:

```
M = E - e * sin(E)
```

यातला M हा घड्याळाचा कोन म्हणता येईल. धूमकेतू कक्षेत कधी जलद तर कधी संथ फिरतो, पण M मात्र रोज तेवढाच वाढतो आणि एका पूर्ण फेरीत २π रेडियन होतो. हॅलेच्या धूमकेतूची फेरी सुमारे ७६ वर्षांची, म्हणून M दिवसाला सुमारे ०.०००२२६ रेडियन पुढे सरकतो. दहा दिवस आणि वर चार तास झाले की तो ०.००२३ भरतो. e म्हणजे कक्षा किती लांबट आहे त्याचे माप. वर्तुळासाठी ते शून्य असते, हॅलेच्या कक्षेसाठी ०.९६७. राहिला E. हा मदतीचा कोन. तो एकदा हाती आला की सूर्यापासून धूमकेतूची दिशा आणि अंतर दोन्ही साध्या सूत्रांनी निघतात. अडचण इतकीच की E स्वतः मोकळाही आहे आणि sin च्या पोटातही आहे, त्यामुळे त्याला सरळ एका बाजूला काढता येत नाही.

तेव्हा तो फेऱ्या मारून काढतात. समीकरण E = M + e·sin E असे लिहायचे, उजवीकडे E चा काहीतरी अंदाज घालायचा, जे उत्तर येईल ते पुन्हा उजवीकडे घालायचे, आणि हेच करत राहायचे. दोन लागोपाठच्या उत्तरांमधला फरक एका ठरवलेल्या मर्यादेहून कमी झाला की थांबायचे. या मर्यादेला टॉलरन्स म्हणतात. संख्यात्मक पद्धतींच्या पहिल्या धड्यात ही रीत येते आणि बहुतेक विद्यार्थी तिथेच मनाशी एक समीकरण जुळवून टाकतात: टॉलरन्स ०.००१ म्हणजे उत्तर ०.००१ पर्यंत बरोबर. पुढचा सगळा गोंधळ या समजुतीतून होतो.

ही समजूत रुजण्याचे कारणही आहे. सरावासाठी सहसा पृथ्वीची कक्षा घेतात. तिचा e फक्त ०.०१६७. तिथे प्रत्येक फेरीत चूक आधीच्या साठाव्या हिश्शावर येते. एका फेरीत उत्तर ०.००१ ने हलले असेल, तर पुढे उरलेली चूक त्याच्या साठाव्या भागाएवढीच असते. फरक छोटा दिसला की उत्तर बरोबर असतेच. पृथ्वीवर केलेला सराव धूमकेतूवर नेला की मात्र हिशेब उलटतो.

हॅलेसाठी पहिला अंदाज E = M म्हणजे ०.००२३ घेऊन आणि टॉलरन्स ०.००१ ठेवून सुरुवात केली, तर पंचवीस फेऱ्यांनंतर गणित थांबते आणि उत्तर ०.०४०५ येते. खरे उत्तर आहे ०.०६८१५. म्हणजे चूक जवळपास ०.०२८, टॉलरन्सच्या अठ्ठावीस पट. हे आकडे आकाशात उतरवले तर चुकीचे मोठेपण नीट दिसते. सूर्याच्या सर्वांत जवळच्या बिंदूपासून धूमकेतू २९.५ अंश पुढे गेलेला असायला हवा, पण या उत्तराप्रमाणे तो १७.८ अंशांवर आहे. ती त्याची सहाव्या दिवसाची जागा आहे. दहाव्या दिवसाचा प्रश्न विचारला आणि सहाव्या दिवसाचे उत्तर मिळाले, तेही गणिताने ‘झाले’ असे सांगून.

असे का होते, हे पाऊल आणि अंतर वेगळे धरले की कळते. टॉलरन्स पाऊल मोजतो, म्हणजे एका फेरीत उत्तर किती हलले ते. चूक म्हणजे मुक्कामापर्यंत उरलेले अंतर. हे दोन आकडे जोडणारी गोष्ट एकच: प्रत्येक फेरीत उरलेल्या अंतरातले किती टक्के अंतर शिल्लक राहते. त्या प्रमाणाला q म्हणू. केप्लरच्या समीकरणात q म्हणजे e·cos E, आणि हॅलेच्या आपल्या बिंदूपाशी ते ०.९६४८ आहे. म्हणजे एका फेरीत उरलेल्या अंतरापैकी फक्त साडेतीन टक्के कापले जातात. पाऊल जर अंतराच्या साडेतीन टक्के असेल, तर अंतर पावलाच्या अठ्ठावीस पट असणारच. नेमके सांगायचे तर १ भागिले (१ − q), इथे २८.४. थकलेला वाटसरू अगदी बारीक पावले टाकू लागला म्हणून गाव जवळ आले असे होत नाही. संथ पुनरावर्तनातही पाऊल बारीक होण्याचा अर्थ तेवढाच.

इथपर्यंतचा भाग अनेक पुस्तकांत सापडतो आणि त्यावरचा उपायही उघड वाटतो: टॉलरन्स अठ्ठावीस पट कडक करावा. तो उपाय चालतोही. टॉलरन्स ०.०००००१ केला तर दोनशेवर फेऱ्या लागतात आणि चूक ०.००००३ च्या आत येते. पण एका विद्यार्थ्याने नेमके हेच केले आणि त्याचे उत्तर हललेच नाही. त्याने आपल्या शिक्षकांना तीन निकाल दाखवले. टॉलरन्स `1e-6`, उत्तर ०.०६८०१. टॉलरन्स `1e-9`, उत्तर ०.०६८०१. टॉलरन्स `1e-12`, तरीही ०.०६८०१. फेऱ्यांची संख्यासुद्धा तिन्ही वेळा तीच. टॉलरन्स दशलक्ष पट कडक झाला आणि शेवटचा अंकही बदलला नाही, शिवाय तो चुकीचाच राहिला. खऱ्या उत्तराहून ०.०००१४ ने कमी. त्याचा प्रोग्रॅम असा होता:

```
import math
M, e, tol = 0.0023, 0.967, 1e-6
E = M
while True:
    new = round(M + e*math.sin(E), 5)
    if abs(new - E) < tol:
        break
    E = new
print(new)
```

शिक्षकांच्या उत्तराचा पहिला भाग एका ओळीपुरता होता: `round(..., 5)` कुठे लिहिले आहे ते पाहा. विद्यार्थ्याने ते छापील उत्तर नीटनेटके दिसावे म्हणून घातले होते, पण जागा चुकली. ते छापताना नव्हे, फेरीच्या आत होते. त्यामुळे प्रत्येक फेरीचे उत्तर पाच दशांश स्थळांवर बसवले जाई आणि पुढची फेरी त्या बसवलेल्या आकड्यावरून सुरू होई.

आता ०.०६८०१ या आकड्यापाशी काय घडते ते जवळून पाहू. तो उजव्या बाजूला घातला की M + e·sin E ची किंमत ०.०६८०१४९८ येते. म्हणजे गणिताला पुढे जायचे आहे. खरे उत्तर अजून ०.०००१४ दूर आहे आणि पाऊलही योग्य दिशेने पडते आहे. पण पाऊल त्या अंतराच्या साडेतीन टक्के, म्हणजे ०.००००४९८ नव्हे, त्याचाही दहावा भाग: ०.००००0४९८ इतके आहे. पाच स्थळांवर बसवताना अर्धा घर म्हणजे ०.०००००५ ओलांडले तरच आकडा पुढच्या घरात जातो. हे पाऊल त्या अर्ध्या घराला किंचित कमी पडते. म्हणून ०.०६८०१४९८ चे पुन्हा ०.०६८०१ होते. पुढच्या फेरीत तेच, त्याच्या पुढच्या फेरीतही तेच. नवीन आणि जुन्या उत्तरातला फरक आता थोडाथोडका नाही, नेमका शून्य आहे. शून्य हा कुठल्याही टॉलरन्सपेक्षा लहान असतो. `1e-6` असो की `1e-12`, थांबण्याची अट त्याच फेरीत पुरी होते आणि म्हणून तिन्ही निकाल जुळे निघतात.

एक घर मागे, ०.०६८०० वर, पाऊल ०.०००००५३४ होते. ते अर्ध्या घराहून जेमतेम मोठे, त्यामुळे आकडा एक घर सरकला. त्या आधीच्याही कित्येक फेऱ्या अशाच एकेक घर सरकत गेल्या होत्या. विद्यार्थ्याने फेरीगणिक आकडे छापले असते, तर शेवटी-शेवटी फरक ०.००००१, ०.००००१, ०.००००१ असा एकसारखा येतो आणि मग अचानक शून्य होतो, हे त्याला दिसले असते. निरोगी संथ पुनरावर्तनात असे कधी होत नाही. तिथे फरक प्रत्येक फेरीला साडेतीन टक्क्यांनी, संथ पण नियमित, घटत जातो. एकसारखी पावले आणि मग एकदम थांबणे, ही अडकल्याची खूण आहे.

दुसरी खूण याहून बोलकी आहे आणि ती पाहायला एकच ओळ बदलावी लागते. `E = M` ऐवजी `E = 1.0` पासून सुरुवात करावी. आता आकडे वरून खाली येतात आणि ०.०६८२९ वर अडकतात. एकच समीकरण, एकच टॉलरन्स, आणि सुरुवात बदलताच उत्तर बदलले! याचा अर्थ असा की बसवलेल्या आकड्यांच्या जगात या समीकरणाला एक उत्तर उरलेलेच नाही. ०.०६८०१ पासून ०.०६८२९ पर्यंतच्या एकूण २९ आकड्यांपैकी कुठलाही घाला, तो जसाच्या तसा परत येतो. प्रत्येक आकडा आपापल्या जागी ‘बरोबर’ आहे. या २९ घरांमध्ये टॉलरन्सला निवड करता येत नाही, कारण त्याच्या दृष्टीने सगळ्यांचे पाऊल शून्य आहे.

घरांची ही संख्या योगायोगाने आलेली नाही. आधी पावलाला गुणणारा आकडा २८.४ होता, इथे अडकण्याच्या पट्ट्याची रुंदी जवळपास तेवढ्याच घरांची आहे. दोन्हीकडे एकच गुणक काम करतो. प्रत्येक फेरीत उत्तर जास्तीत जास्त अर्धे घर चुकवले जाते, ०.०००००५. ही चूक पुढच्या फेरीत ९६.४८ टक्के शिल्लक राहते, तीत नवी चूक मिसळते, तीही जवळजवळ सगळी टिकते. सगळ्यांची बेरीज मूळ चुकीच्या २८.४ पटीपर्यंत चढू शकते, म्हणजे ०.०००१४. विद्यार्थ्याच्या उत्तरात नेमकी तेवढीच तूट होती. पृथ्वीच्या कक्षेत हाच `round` असाच चुकीच्या जागी असता, तर गुणक १ च्या किंचित वर राहिला असता, उत्तर फार तर अर्ध्या घराने चुकले असते आणि कोणाच्या लक्षातही आले नसते. संथ पुनरावर्तन नवी चूक निर्माण करत नाही. प्रत्येक फेरीतली बारीक चूक ते साठवून ठेवते.

शिक्षकांच्या उत्तराचा गाभा हाच आहे. १ भागिले (१ − q) हा एक गुणक तीन वेगवेगळ्या गोष्टींना गुणतो: थांबताना उरलेल्या पावलाला, फेरीतल्या आकडे बसवण्याच्या चुकीला, आणि मुळात दिलेल्या M मधल्या चुकीला. टॉलरन्स यांपैकी फक्त पहिलीला आवरतो. पहिली इतकी लहान झाली की दुसरी किंवा तिसरी तिच्याहून मोठी ठरते, तेव्हा टॉलरन्स आणखी कडक करून हाती काहीच लागत नाही.

`round` फेरीबाहेर, `print` च्या ओळीत नेले की विद्यार्थ्याची अडचण सुटते. तरीही अडकण्याचा पट्टा नाहीसा होत नाही, तो फक्त फार अरुंद होतो. संगणक आकडे सुमारे सोळा अंकांपर्यंतच ठेवतो, म्हणजे त्याच्या आत एक `round` कायमच बसलेला असतो. हॅलेच्या उदाहरणात त्यामुळे होणारी चूक पंधराव्या-सोळाव्या दशांश स्थळाच्या आसपास राहते आणि धूमकेतूच्या कामात तिची काळजी करायची गरज नाही. पण e हा १ च्या जितका जवळ आणि धूमकेतू सूर्याच्या जितका जवळ, तितका गुणक मोठा. ०.९९९९ च्या कक्षेत सूर्याजवळच्या बिंदूपाशी तो दहा हजारांवर जातो आणि गणिताचे चार अंक तिथेच संपतात. काही पुनरावर्तनांत शेवटी आकडा एका जागी न थांबता शेजारच्या दोन आकड्यांत हेलकावे खात राहतो. तिथे अवाजवी कडक टॉलरन्स कधीच पुरा होत नाही, फेऱ्यांची कमाल मर्यादा संपते आणि प्रोग्रॅममध्ये तशी सूचना लिहिलेली नसेल तर गप्प बसून शेवटचा आकडा देतो. म्हणून उत्तरासोबत फेऱ्यांची संख्या आणि थांबण्याचे कारण छापणे ही सवय लावून घेण्यासारखी आहे.

तिसरी गोष्ट, म्हणजे M मधली चूक, विद्यार्थ्यांच्या सर्वांत उशिरा ध्यानात येते, कारण ती प्रोग्रॅममध्ये दिसत नाही. धूमकेतू सूर्याच्या सर्वांत जवळ कोणत्या क्षणी होता, हे एका तासाने चुकले असे धरू. M तेवढ्याने ०.०००००९४ इतका बदलतो. आकडा क्षुल्लक दिसतो, पण E मध्ये तो २८.४ पट होऊन उतरतो: ०.०००२७. विद्यार्थ्याला छळणाऱ्या चुकीच्या ही जवळजवळ दुप्पट आहे. इथे कुठलाही टॉलरन्स, कुठलाही संगणक मदतीला येत नाही, कारण गणित दिलेल्या M चे उत्तर अगदी अचूक देत असते. दिलेला M च चुकीचा असतो.

पुनरावर्तनाचा वेग वाढवण्याचे दोन मार्ग इथे उपयोगी आहेत. पहिला मार्ग ज्या आकड्यांमुळे फसगत झाली त्यांच्याच मदतीने जातो. लागोपाठच्या दोन पावलांचे गुणोत्तर म्हणजेच q चा अंदाज. टॉलरन्स ०.००१ ठेवला होता तेव्हाची शेवटची दोन पावले ०.००१०२ आणि ०.०००९८६ होती. गुणोत्तर ०.९६६ च्या थोडे वर. यावरून अजून उरलेले अंतर शेवटच्या पावलाच्या सुमारे २८.६ पट, म्हणजे ०.०२८२, असा हिशेब निघतो. तो ०.०४०५ मध्ये मिळवला की ०.०६८७ मिळते. एकही फेरी न वाढवता चूक ०.०२८ वरून ०.०००६ वर आली. ही युक्ती न्यूझीलंडमध्ये जन्मलेले गणिती अलेक्झांडर एटकेन यांनी १९२६ साली मांडली आणि त्यांच्या नावानेच ओळखली जाते. पावलांचे गुणोत्तर स्थिर असेल तरच ती विश्वासाची. `round` मुळे १, १, ० अशी झालेली पावले तिला दिली तर ती निरर्थक उत्तर देते किंवा शून्याने भागायला जाते.

दुसरा मार्ग न्यूटनच्या पद्धतीचा. तीत पावलाला आधीच (१ − e·cos E) ने भागतात, म्हणजे पावलाऐवजी जवळजवळ सगळे उरलेले अंतरच एकदम चालतात. त्याच ०.००२३ पासून निघून पहिली फेरी ०.०६९७ वर नेते आणि दुसरी ०.०६८१५ वर. पंचवीस फेऱ्यांना जे जमले नाही ते दोन फेऱ्यांत होते. फेरीअखेरीस उत्तर पाच स्थळांवर बसवले तरी इथे ते साठत नाही. चूक अर्ध्या घराच्या आसपास राहते, आणि टॉलरन्स व अचूकता पुन्हा एकमेकांच्या जवळ येतात. संथ पद्धतीत २९ घरे रुंद असलेला पट्टा इथे नाहीसा होतो. M मधली चूक मात्र न्यूटनच्या पद्धतीतही २८.४ पट होऊनच उतरते, कारण ती पद्धतीची नाही, त्या कक्षेची आणि त्या बिंदूची आहे. संथपणा आणि नाजूकपणा हे दोन्ही केप्लरच्या समीकरणात एकाच (१ − e·cos E) मधून येतात. पद्धत बदलून पहिला जातो, दुसरा तसाच राहतो.

म्हणून टॉलरन्स निवडताना हिशेब उलट्या टोकाकडून करावा लागतो. E मध्ये ०.००१ पर्यंतची अचूकता पुरेशी असेल, तर साध्या पुनरावर्तनासाठी टॉलरन्स ०.००१ भागिले २८.४, म्हणजे ०.०००035 हवा. फेरीत ठेवलेल्या आकड्यांचे अर्धे घर याहून बरेच लहान असले पाहिजे. पाच स्थळांचे अर्धे घर ०.०००००५ असल्याने या कामाला विद्यार्थ्याचा चुकीच्या जागी पडलेला `round` सुद्धा निभावला असता. आणि सूर्याजवळून जाण्याची वेळ पावणेचार तासांच्या आत ठाऊक हवी, कारण M तेवढ्या वेळात ०.०००035 ने सरकतो. वेळ त्याहून ढिली माहीत असेल, तर `1e-12` लिहून मिळालेले जादा अंक त्या चुकलेल्या वेळेचेच अंक असतात.